भिंतीची ओल आणि डोक्याची कळ



वसंतातल्या व्याख्यानमालेत पावसाळ्याचा विषय आम्ही घेतला, याचे काहींना नवल वाटले असेल. परंतु या विषयावर बोलण्याची वेळ हीच आहे. भिंतीची ओल आषाढात दिसते, पण तिच्यावर इलाज करावयाचा तो चैत्र-वैशाखात. आषाढात भिंतीला हात लावून काही होत नाही आणि श्रावणात आपण जे करतो त्याने तर बहुधा नुकसानच होते. ते कसे, हे सांगण्यासाठी आम्ही उभे आहोत.

आम्ही डॉक्टर नाही, इंजिनिअरही नाही. काजू कारखान्यातल्या बाया आणि बांधकामावरचे मजूर यांच्या संघटनेत आमची हयात गेली. जे कळले ते थोडे पुस्तकांतून आणि पुष्कळसे गवंड्यांकडून कळले. तेव्हा एका घराची हकिगत सांगतो. घर सावंतवाडीतलेच आहे. नाव सांगण्याचे कारण नाही.

सन २०२२ च्या जुलै महिन्यात आमच्या एका सभासद भगिनीचे कामावरचे ९ खाडे झाले. रोजावर काम करणाऱ्या बाईचे ९ खाडे म्हणजे महिन्याच्या हिशेबाला भगदाडच. मुकादमाचे म्हणणे, बाई सबबी सांगते. बाईचे म्हणणे, डोके असे दुखते की उजेड सोसवत नाही आणि उलटी येते. प्रकरण आमच्याकडे आले तेव्हा आमचा पहिला संशय कारखान्यावर गेला, हे कबूल करतो. काजूच्या टरफलाचा धूर, तेलाचा वास, तासन्तास मान खाली घालून बसणे, हे सारे डोळ्यांसमोर होतेच. संघटनेच्या माणसाला गुन्हेगार आधीच ठाऊक असतो, हा आमच्या धंद्यातला दोषच म्हणा ना!

पण बोलण्याआधी पुरावा हवा. आम्ही तिला भिंतीवरची दिनदर्शिका वापरावयास सांगितली. ज्या दिवशी दुखेल त्या दिवसाला फुली, दुखणे किती वाजता सुरू झाले तो आकडा, आदल्या रात्री कुठे झोपली, घरात कपडे वाळत होते की नाही, आणि गोळी घेतली असल्यास टिंब. चार आठवड्यांनी ते पान पाहिले आणि आमचा दावा कोसळला. बहुतेक फुल्यांपुढे पहाटेची वेळ होती. रविवारी कारखाना बंद, तरी फुली होती. उलट मध्ये चार रात्री ती माहेरी कुडाळला राहिली होती, तेवढे चारही दिवस कोरे. दुखणे घरातून कामावर जात होते, कामावरून घरी येत नव्हते.

मग आम्ही घरी गेलो. दार उघडताच तो वास आला, जो आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे: कुबट, ओल्या गोणपाटासारखा. भगिनी म्हणाली, "दादा, ह्या वासानंच डोक्यात कळ येता." सासूबाई म्हणाल्या, "पावसात सगळ्यांच्याच घरात वास येता, तेचा काय?" दोघींचेही म्हणणे खरे होते, आणि गुंता नेमका इथेच आहे.

वासाने डोके दुखते का? अर्धशिशीच्या पुष्कळ रोग्यांना दुखते; अत्तर, धूर, रंग, रॉकेल अशा उग्र वासांनी झटका येतो हे वैद्यकाला मान्य आहे. आपल्या नाकात दोन प्रकारचे तंतू असतात. एक वास ओळखतो. दुसरा झोंबणी, चुरचूर कळवतो. या दुसऱ्याचे नाते ज्या मज्जातंतूशी, तोच चेहऱ्याच्या आणि मेंदूच्या आवरणाच्या वेदना वाहून नेतो. बुरशी वाढताना हवेत काही वायुरूप द्रव्ये सोडते, तोच तो कुबट वास. शिवाय तिचे बारीक कण उडतात, त्यांनी नाक चोंदते, झोप मोडते, आणि मोडलेली झोप हे अर्धशिशीचे आणखी एक निमित्त. परंतु इथे थोडे सावध बोलले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातल्या ओल आणि बुरशीविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. ओलसर घरात दमा बळावतो, खोकला आणि नाक-घशाच्या तक्रारी वाढतात, याचा पुरावा भक्कम आहे. डोकेदुखीचा पुरावा तितका भक्कम नाही. आणखी एक गोम आहे. अर्धशिशीचा झटका यावयाच्या आधी काही तास माणसाचे नाक जास्त तिखट होते. म्हणजे वासामुळे झटका आला की झटका येऊ लागला म्हणून वास जाणवला, हे रोग्याला स्वतःला सांगता येत नाही. म्हणूनच ते दिनदर्शिकेचे पान. माहेरच्या चार कोऱ्या दिवसांनी आम्हाला जे सांगितले ते नाकाने सांगितले नसते. तेही पुरते सिद्ध करीत नाहीत, कारण माहेरी झोपही बरी लागते. पण कुठे शोधावयाचे ते कळले.

आणि भिंतीवर आळ घेण्याआधी दोन गोष्टी वगळाव्या लागतात. आपल्या जिल्ह्यात पावसाळ्यात ताप, डोकेदुखी, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे असे एकत्र दिसले तर तो लेप्टो असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. एकाएकी आलेली, कधी आली नव्हती अशी प्रचंड कळ, मान ताठणे, हातापायातली शक्ती जाणे, किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी, यांचाही भिंतीशी संबंध जोडू नये. दुसरी गोष्ट त्या घरातच सापडली. पडवी पत्र्याने बंद केलेली, आत दोऱ्या, दोऱ्यांवर कपडे, आणि खाली कोळशाची शेगडी! कपडे वाळावे म्हणून सासूबाई रात्री शेगडी ठेवीत आणि झड येऊ नये म्हणून दारे लावीत. कोळशाच्या धगीतून निघणाऱ्या विषारी वायूला, कार्बन मोनॉक्साइडला, वासच नसतो. त्याने डोके दुखते, मळमळते, आणि माणूस झोपेतच जातो. ओळख अशी की घरातल्या सर्वांचेच डोके एकाच वेळी धरते आणि बाहेर मोकळ्यावर गेले की उतरते. इथे एकटीचेच दुखत होते, म्हणून मुख्य कारण ते नसावे. पण शेगडी आम्ही त्याच दिवशी अंगणात ठेवावयास लावली. सासूबाई आमच्यावर आठवडाभर रुसल्या होत्या.

आता ओल. आपला चिरा हा दगड सच्छिद्र. बुकानन नावाच्या स्कॉटिश डॉक्टराने मलबारात हा दगड पाहिला आणि विटेसारखा कापता येतो म्हणून १८०७ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याला विटेच्या लॅटिन नावावरून लॅटराइट हे नाव दिले. विटेचा गुण आणि विटेचा अवगुण दोन्ही त्यात आहेत: पाणी पितो. आणि पाऊस किती? तालुक्यातल्या आंबोलीची गोष्टच वेगळी, पण खाली शहरातही वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर. पूर्वीचे घर हे जाणून बांधलेले असे. जोते उंच, कौलांची पाखे भिंतीच्या बाहेर हात-दोन हात, झडीच्या बाजूला नारळाच्या झावळ्यांचे झाप, भिंतीला माती किंवा चुना. भिंत पाणी पीत असे आणि उघडीप मिळाली की सोडीतही असे. पूर्वीचे सगळे चांगले असे आम्ही म्हणत नाही. त्या घरांतल्या धुराने कित्येक बायांचे डोळे गेले. पण भिंतीच्या श्वासाला तिथे वाट होती, एवढे खरे.

भिंतीत पाणी तीन वाटांनी येते. खालून, जमिनीतले पाणी दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे चढते. ही ओल गुडघा-कमरेपर्यंत जाऊन थांबते आणि तिच्या वरच्या काठाला पांढरा लोणा फुटतो. बाजूने, झडीचे किंवा गळतीचे पाणी. ही ओल पावसाच्या सरीबरोबर वाढते आणि उघडिपीत उतरते. आणि तिसरी वाट आतून. ही लोकांना पटत नाही, म्हणून आम्ही तिथल्या तिथे एक प्रयोग केला. मासळीच्या काट्यावर पिळलेले कपडे टांगले: ७ किलो. वाळल्यावर तेच कपडे ४ किलो. म्हणजे ३ लिटर पाणी त्या बंद पडवीत आणि माजघरात रोज सोडले जात होते. माणूस झोपेतही श्वासावाटे आणि घामावाटे तासाला सुमारे ४० ग्रॅम पाणी सोडतो. पाच माणसांचे आठ तासांत दीड लिटर. गॅस जळतो तेव्हा एक किलो गॅसमागे दीड किलोवर वाफ होते. आता त्या खोलीची हवा किती पाणी पेलू शकते? १० बाय १२ ची, १० फूट उंचीची खोली, हवा २६ अंशांची, तर तिच्यात काठोकाठ भरूनही पाऊण-एक लिटरच पाणी मावते. उरलेले जाणार कुठे? थंड भिंतीत, गादीत, कपाटाच्या पाठीत.

कुठले पाणी कुठून येते हे ओळखण्याची युक्ती सोपी आहे. प्लास्टिकचा फूटभर चौकोन घ्यावा, भिंतीचा तो भाग पुसून कोरडा करावा, आणि चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करून दोन दिवस ठेवावा. प्लास्टिकच्या मागे, भिंतीकडे पाणी दिसले तर ओल भिंतीतून येते. पुढे, खोलीकडच्या बाजूला दव दिसले तर हवेतून. त्या घरात आम्ही दोन चौकोन लावले. मागच्या भिंतीवर, खाटेच्या उशाशी लावलेला मागून भिजला. कपड्यांच्या दोरीजवळ, आतल्या भिंतीवर लावलेला पुढून भिजला. एकाच घराला दोन दुखणी.

मागच्या भिंतीबाहेर जाऊन पाहिले तेव्हा उलगडा झाला. शेजारच्या खोदकामाची माती चार वर्षांपूर्वी तिथे टाकलेली. ती घराच्या जमिनीपेक्षा दोन फूट वर आली होती. म्हणजे भिंतीचा तळ जवळजवळ चिखलात पुरलेला. वर कौले काढून पत्रा घातला तेव्हा पाख तीन फुटांची एक फूट झाली होती, आणि पागोळ्या थेट भिंतीच्या बुडाशी पडत होत्या. आतून सिमेंटचा गिलावा, आणि त्यावर २०२१ च्या चतुर्थीला दिलेला प्लास्टिकचा रंग.

या चतुर्थीच्या रंगाविषयी आम्हाला बोललेच पाहिजे, जरी काही मंडळींना राग आला तरी. गणपती येणार म्हणून घर स्वच्छ दिसावे ही हौस कोणाला नाही? आम्हालाही आहे. पण श्रावण-भाद्रपदात भिंत पाण्याने तट्ट फुगलेली असते. तिच्यावर त्या वेळी प्लास्टिकचा किंवा तेलाचा रंग देणे म्हणजे ओल्या जखमेवर मेणकापड बांधणे. महिनाभर वास दबतो, घर उजळते, आणि मग रंगाला फुगे येतात. बुरशी दगड खात नाही. धूळ, रंगातला डिंक, लाकूड, कापड, कागद हे तिचे अन्न. ओल्या भिंतीवर नवा रंग म्हणजे तिला वाढलेले पान. त्या घरात कपाट भिंतीपासून ओढले तेव्हा त्याची प्लायवूडची पाठ काळी झालेली होती, आणि त्या कपाटाला लागूनच भगिनीची उशी. रात्रीचे आठ तास नाक त्या काळ्या पाठीपासून हातभर अंतरावर!

त्या पावसाळ्यात आम्ही भिंतीला हात लावला नाही. अंतर तेवढे वाढविले. खाटेचे उसे मागच्या भिंतीकडून काढून आतल्या दाराकडे केले. कपाटाची पाठ काढून टाकली आणि कपाट भिंतीपासून वीतभर पुढे घेतले. कपडे वाळविण्यासाठी पडवीचा एक पत्रा काढून तिथे जाळी लावली आणि माजघराचे दार बंद ठेवावयास सांगितले. इथे लोक विचारतात, बाहेरची हवाच दमट, तर खिडकी उघडून फायदा काय? फायदा असा की बाहेर ९० टक्के दमटपणा असला तरी कपडे टांगलेल्या बंद खोलीत तो १०० च्या टोकाला असतो. वाहती हवा तो फरक घेऊन जाते. भिंतीलगतचा दमटपणा दिवसचे दिवस ८० च्या वर राहिला की बुरशी धरतेच. म्हणजे जुलैत सावंतवाडीत घर कोरडे ठेवता येत नाही, हे आधी मान्य करावे. फक्त कोंडलेली जागा ठेवावयाची नाही, एवढेच हातात असते. बाजारात ओल शोषणाऱ्या डब्या मिळतात, त्या बंद कपाटापुरत्या ठीक. रोज चार-पाच लिटर पाणी सुटणाऱ्या घरात त्यांचे ते काय चालणार?

बुरशी पुसण्याचेही एक तंत्र आहे. कोरड्या ब्रशाने किंवा केरसुणीने झाडू नये, त्याने कण सगळ्या घरभर उडतात. नाकाला चांगला मास्क बांधावा, खिडक्या उघडाव्या, आणि साबणाच्या पाण्यात भिजविलेल्या फडक्याने पुसून ते फडके टाकून द्यावे. ज्याचे डोके दुखते त्याने त्या दिवशी घराबाहेर राहावे. अंथरुणाएवढ्या भिंतीवर बुरशी असेल तर घरच्या घरी पुसण्याचा नाद सोडावा आणि आधी पाण्याची वाट शोधावी. ब्लीचिंगच्या उग्र वासानेच अर्धशिशीचा झटका येऊ शकतो, आणि ते संडास धुण्याच्या ॲसिडबरोबर मिसळले तर क्लोरीनचा विषारी वायू निघतो. कुबट वास झाकण्यासाठी धूप, उदबत्ती आणि कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवतात. एका वासावर दुसरा उग्र वास चढविल्याने दुखऱ्या डोक्याला सुख होत नाही, आणि डांबराच्या गोळ्यांच्या वाफेने तर धडधाकट माणसाचेही डोके दुखते.

मार्चच्या शेवटी, २०२३ साली, खरे काम झाले. आमच्या सभासदांनी दोन रविवार फावडी चालवून मागची माती काढली; आता बाहेरची जमीन घराच्या जमिनीपेक्षा हातभर खाली आहे, आणि तिला घरापासून दूर उतार आहे. पत्र्याला पन्हळ लावली. आतला सिमेंटचा गिलावा ओलीच्या रेषेच्या वर फूटभरापर्यंत खरवडला. लोणा कोरडाच झाडून सुपात गोळा केला, कारण पाण्याने धुतला तर मीठ पुन्हा भिंतीत शिरते. मग भिंत उघडीच ठेवली. घरच्यांना घाई, पण इमारती दुरुस्त करणाऱ्यांचा ढोबळ हिशेब असा की भिंत इंचाला एक महिना या वेगाने वाळते. नऊ इंचांची भिंत दोन्ही बाजूंनी वाळली तरी साडेचार महिने हवेत, आणि आपल्याजवळ मृगापर्यंत दोन-सव्वादोनच. म्हणजे ती पुरती वाळणार नव्हतीच. म्हणूनच तिच्यावर पुन्हा सिमेंट न घालता चुन्याचा गिलावा केला आणि वर चुन्याची सफेदी दिली. आत उरलेली ओल त्यातून निघू शकते. चुन्याचा गवंडी मिळविण्यास मात्र महिना गेला. सत्तरीतले एक जुने सभासद आले आणि चार पोरांना शिकवीत शिकवीत त्यांनी ते काम केले. ताजा चुना बुरशीला काही काळ मानवत नाही. तो गुण हवेने कमी होतो, म्हणून सफेदी दरवर्षी द्यावी लागते, आणि ती मे महिन्यात द्यावी.

मधल्या काळात तिला डॉक्टरांकडेही नेले होते. अर्धशिशीच, असे त्यांनी सांगितले, आणि दिनदर्शिकेवरची टिंबे मोजून विचारले, "बाई, महिन्याला सोळा दिवस गोळी घेता?" दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस, आणि काही मिश्र गोळ्या तर दहाच दिवस, अशा महिनोन्महिने घेतल्या तर गोळीच डोकेदुखीचे कारण होते. ही गोष्ट आम्हाला नवी होती. त्यांच्या देखरेखीखाली गोळ्या कमी झाल्या.

२०२३ च्या जुलैत खाडे ९ वरून ३ वर आले. फुल्या राहिल्या, पण निम्म्याहून कमी. यातले किती श्रेय भिंतीचे, किती उशीच्या जागेचे आणि किती गोळ्या कमी केल्याचे? आम्हाला सांगता येणार नाही, कारण आम्ही सगळे एकदमच केले; शास्त्रज्ञाने असे केले नसते. पण तिच्या रोजाचे नुकसान होत असताना एकेक उपाय वेगळा करून पाहण्याचा धीर आम्हाला नव्हता. त्यानंतरच्या चतुर्थीला त्या घरात रंग दिला नाही. देवाच्या खोलीत पताका मात्र दुप्पट लावल्या.

भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांना माती उपसता येत नाही, की गिलावा खरवडता येत नाही. त्यांनी निदान उशी बाहेरच्या भिंतीपासून दूर घ्यावी, कपाट पुढे ओढावे, कपडे झोपण्याच्या खोलीत वाळवू नयेत, उघडीप मिळाली की अकरा ते तीन दारे-खिडक्या उघडून गाद्या उभ्या कराव्या. आणि ओलीच्या वरच्या काठावर पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहावी, दर पंधरवड्याला नवी. मालकाशी बोलताना तोंडाच्या तक्रारीपेक्षा त्या रेघा जास्त बोलतात. इतका अनुभव आम्हाला वाटाघाटींचा आहे. प्लास्टिकचा चौकोन आणि तो काटा आम्ही बरोबर आणला आहे. ज्यांना पाहावयाचा असेल त्यांनी पुढे यावे, आणि प्रश्न असतील ते विचारावेत.